सिगारेट सोडल्यावर वजन किती वाढते?

सिगारेट सोडली की वजन वाढते, हे सोडू पाहणाऱ्या बहुतेकांनी कुणाकडून तरी ऐकलेले असते. नेमके किती वाढते, हा प्रश्न मात्र वाटतो तेवढा सरळ नाही. अमेरिकेत १९७१ ते १९७५ या काळात आरोग्य आणि आहाराची एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. पुढे त्याच लोकांना पुन्हा गाठून १९८२ च्या फेरीत त्यांची वजने पुन्हा नोंदवली गेली. या पाठपुराव्याला थोडक्यात एनएचईएफएस म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या मिगेल हर्नान आणि जेम्स रॉबिन्स यांनी कार्यकारणभावावरच्या आपल्या पाठ्यपुस्तकात यातले १,५६६ धूम्रपान करणारे लोक उदाहरणासाठी घेतले आहेत. मधल्या काळात त्यांतल्या ४०३ जणांनी सिगारेट सोडली आणि १,१६३ जण ओढतच राहिले. सोडणाऱ्यांचे वजन सरासरी ४.५ किलोने वाढले, न सोडणाऱ्यांचे २ किलोने. फरक अडीच किलोचा.

हे गणित बरोबर आहे, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. आपल्याला हवे आहे ते असे: या १,५६६ जणांनी सगळ्यांनी सिगारेट सोडली असती तर त्यांचे सरासरी वजन किती वाढले असते, आणि कुणीच सोडली नसती तर किती? या दोन आकड्यांतल्या फरकाला उपचाराचा सरासरी परिणाम म्हणतात. इथे ‘उपचार’ म्हणजे सिगारेट सोडणे. अडचण अशी की प्रत्येक माणसाच्या बाबतीत या दोनपैकी एकच गोष्ट घडलेली असते. ज्याने सोडली, त्याने न सोडती तर काय झाले असते हे कुणी पाहिलेले नाही.

एका गटाला दुसऱ्याचा आरसा मानावे, तर दोन्ही गट सारखे असायला हवेत. ते तसे नव्हते. सोडणाऱ्यांचे सरासरी वय ४६ होते, न सोडणाऱ्यांचे ४३. सोडणाऱ्यांत पुरुष ५५ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. सोडणाऱ्यांत विद्यापीठात शिकलेले १५ टक्के, इकडे १० टक्के. सोडणारे दिवसाला सरासरी १९ सिगारेटी ओढत, न सोडणारे २१. यातला वयाचा फरक विशेष महत्त्वाचा आहे. वजन वाढण्याचा वेग वयाबरोबर मंदावतो आणि उतारवयात ते घटूही लागते. म्हणजे सोडणाऱ्यांच्या गटात मुळातच कमी वाढणारे लोक जास्त होते. त्यामुळे सिगारेट सोडण्याचा जो काही परिणाम असेल, त्यातला थोडा भाग वयाने झाकून टाकला असणार. वयासारख्या घटकाला संख्याशास्त्रात कन्फाउंडर म्हणतात. तो कोण सोडणार हेही ठरवतो आणि वजन किती वाढणार हेही.

नाणे उडवून निम्म्या लोकांना सोडायला लावता आले असते, तर हा पेच पडला नसता. पण उरलेल्यांना दहा वर्षे सिगारेट ओढत राहा, असे कोणता डॉक्टर सांगेल? हाती आहे ती पाहणी घेऊनच काम करायला हवे. त्याचा एक मार्ग भार देण्याचा आहे. तो नीट दिसावा म्हणून एक छोटे, काल्पनिक उदाहरण मांडतो. हे आकडे पाहणीतले नाहीत. हिशेब बोटांवर व्हावा म्हणून मी ते निवडले आहेत, आणि लेखाच्या शेवटापर्यंत ते पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

समजा, शंभर जण सिगारेट ओढतात. ४० जण पन्नाशीच्या वरचे, ६० जण खालचे. वयस्करांतल्या २० जणांनी, म्हणजे निम्म्यांनी, सिगारेट सोडली. तरुणांतल्या १२ जणांनीच सोडली, म्हणजे पाचातल्या एकाने. सिगारेट सोडलेल्या वयस्करांचे वजन २ किलोने वाढले, न सोडलेल्या वयस्करांचे आहे तेवढेच राहिले. सोडलेल्या तरुणांचे ६ किलोने वाढले, न सोडलेल्यांचे २ किलोने. आता वय न बघता दोन्ही गटांच्या सरासऱ्या काढा. सोडणाऱ्या ३२ जणांची सरासरी वाढ ३.५ किलो येते, न सोडणाऱ्या ६८ जणांची साधारण १.४. फरक २.१ किलोचा. पण वयस्करांत सोडण्याचा परिणाम २ किलो आहे, तरुणांत ४ किलो, आणि शंभरात वयस्कर ४० व तरुण ६० आहेत. तेव्हा सर्वांवरचा सरासरी परिणाम ३.२ किलो यायला हवा. साध्या फरकात १.१ किलोच्या आसपास गळती झाली.

गळती कुठे झाली ते उघड आहे. शंभर जणांत तरुण साठ टक्के आहेत, पण सोडणाऱ्या ३२ जणांत ते फक्त १२ आहेत. तरुण सोडणारा माणूस या गटात दुर्मीळ आहे, आणि तोच आपल्या न सोडलेल्या समवयस्कांच्या वतीने बोलू शकतो. मग त्याच्या आकड्याला जास्त भार द्यावा. किती? तरुणांत सोडण्याची संभाव्यता ०.२ आहे, तिचा व्यस्त ५. म्हणून सोडणारा प्रत्येक तरुण पाच जणांच्या बरोबरीचा धरायचा, म्हणजे १२ चे ६० होतात. वयस्करांत संभाव्यता ०.५, व्यस्त २, म्हणजे २० चे ४० होतात. झाले, सोडणाऱ्यांच्या गटात पुन्हा ४० वयस्कर आणि ६० तरुण आले, मूळ शंभरांत होते तसेच. त्यांची भारित सरासरी ४.४ किलो. न सोडणाऱ्यांच्या बाजूलाही हेच करायचे, फक्त तिथे ‘न सोडण्याच्या’ संभाव्यतेचा व्यस्त घ्यायचा. वयस्करांना २ चा भार, तरुणांना सव्वाचा. तिथली सरासरी १.२ किलो. फरक ३.२ किलो, जो यायला हवा होता तोच. याला व्यस्त संभाव्यता भार म्हणतात. ज्या माणसाच्या बाबतीत जे घडले ते घडण्याची शक्यता जितकी कमी, तितका त्याचा भार जास्त, एवढेच त्याचे तत्त्व आहे.

हे तत्त्व मुळात नमुना पाहण्यांतले. काही घरे किंवा शेते मुद्दाम जास्त संभाव्यतेने निवडायची आणि मग एकूण बेरीज काढताना प्रत्येकाला निवडीच्या संभाव्यतेने भागायचे, ही रीत अमेरिकेत डॅनियल हॉर्विट्झ आणि डोनोव्हन थॉम्पसन यांनी १९५२ मध्ये मांडली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आर. डी. नारायण यांनी हाच विचार मांडलेला होता. म्हणूनच नमुना पाहण्यांचे काही जाणकार या सूत्राला नारायण–हॉर्विट्झ–थॉम्पसन असे पूर्ण नाव देतात, आणि माझ्या मते तेच न्याय्य आहे.

नमुना पाहणीत आणि आपल्या प्रश्नात एक मोठा भेद आहे. तिथे निवडीची संभाव्यता आपणच ठरवलेली असते, म्हणून ती माहीत असते. इथे कोण सिगारेट सोडणार हे निसर्गाने, डॉक्टरांनी, बायको-मुलांनी आणि स्वतः त्या माणसाने ठरवले. ती संभाव्यता माहितीवरून अंदाजाने काढावी लागते. तिला प्रोपेन्सिटी स्कोअर म्हणतात. पॉल रोझेनबाम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये तिचा पाया घातला.

माझ्या शंभर जणांत एकच घटक होता, म्हणून संभाव्यता मोजून काढता आली. खऱ्या पाहणीत हर्नान आणि रॉबिन्स यांनी नऊ घटक घेतले: लिंग, वय, वंश, शिक्षण, रोजच्या सिगारेटींची संख्या, किती वर्षे ओढत आहेत ती मुदत, रोजची हालचाल, व्यायाम, आणि सुरुवातीचे वजन. या सर्वांचे कप्पे पाडून प्रत्येकात किती जणांनी सोडली ते मोजायला गेलो, तर कप्पे रिकामे पडू लागतात. त्या माहितीत ६६ वर्षांच्या गोऱ्या स्त्रिया चारच होत्या आणि चौघींपैकी एकीनेही सिगारेट सोडली नव्हती. मोजणीने संभाव्यता शून्य आली, आणि शून्याचा व्यस्त काढता येत नाही. पण ६५ आणि ६७ वर्षांच्या स्त्रियांनी सोडली असेल, तर ६६ व्या वर्षी ते अशक्य आहे असे कुणी म्हणणार नाही. म्हणून लॉजिस्टिक रिग्रेशनसारखे सूत्र वापरतात. ते सगळ्या घटकांवरून शून्य ते एकच्या मधला आकडा देते आणि आजूबाजूच्या वयांची माहिती वापरून अशा रिकाम्या जागा भरून काढते.

मात्र एक अट सुटत नाही. प्रत्येक प्रकारच्या माणसाला दोन्ही गोष्टी शक्य असायला हव्यात, सोडणेही आणि न सोडणेही. एखाद्या रोगात विशिष्ट रुग्णांना औषध देणे वर्ज्यच असेल, तर त्यांच्या बाबतीत ‘औषध दिले असते तर’ हा प्रश्न आकड्यांनी सुटणार नाही. सूत्र तिथेही काहीतरी छोटी संभाव्यता छापून देईल, आणि तो निव्वळ सूत्राचा कल्पनाविलास असेल.

अमेरिकी पाहणीत मिळालेले भार १.०५ ते १६.७ या पट्ट्यात होते. ते लावल्यावर परिणाम आला ३.४ किलो, आणि ९५ टक्के विश्वासाचा पट्टा २.४ ते ४.५. साध्या वजाबाकीतला अडीच किलोचा आकडा जवळपास एक किलोने कमी पडत होता. वयामुळे कुठल्या बाजूला चूक होणार, याचा जो अंदाज आपण आधी बांधला, त्याच दिशेला आकडा सरकला.

विश्वासाचा पट्टा काढताना एक चूक सर्रास होते. भार लावल्याने माझ्या उदाहरणातल्या ३२ जणांचे १०० झाले, पण माणसे ३२ च आहेत. एका तरुणाला पाचपट मोजल्याने चार नवी माणसे जन्माला येत नाहीत. संगणकाला नेहमीचे सूत्र लावू दिले तर तो १०० च धरतो आणि खोटी अचूकता छापतो. उलट, भार असमान असले की माहिती घटते. भारांच्या बेरजेचा वर्ग भागिले भारांच्या वर्गांची बेरीज, असे एक साधे माप लेस्ली किश यांच्या नावाने ओळखले जाते. माझ्या उदाहरणात २० भार २ चे आणि १२ भार ५ चे आहेत. बेरीज १००, तिचा वर्ग १०,०००, वर्गांची बेरीज ३८०. भागाकार २६. म्हणजे ३२ माणसांकडून २६ माणसांएवढीच माहिती मिळाली. एवढी घट परवडते. पण एखाद्या अभ्यासात दोन हजारांचे दीडशे झाले, तर समजावे की निकाल मूठभर माणसांच्या हातात गेला आहे.

हा धोका देवब्रत बसूंइतका ठसठशीत कुणी दाखवला नाही. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या या थोर संख्याशास्त्रज्ञाने १९७१ च्या एका निबंधात सर्कशीची गोष्ट रचली. मालकाला पन्नास हत्ती दूरदेशी पाठवायचे आहेत आणि त्यांचे एकूण वजन हवे आहे. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीनुसार सांबो नावाचा हत्ती अगदी मधल्या वजनाचा आहे. मालक म्हणतो, सांबोला तोलू आणि पन्नासाने गुणू. सर्कशीच्या पदरचा संख्याशास्त्रज्ञ हादरतो आणि नशिबावर निवड झालीच पाहिजे असा आग्रह धरतो. तडजोड होते: सांबो निवडला जाण्याची संभाव्यता शंभरात नव्व्याण्णव, आणि उरलेल्या एकोणपन्नास हत्तींची प्रत्येकी ४,९०० त एक. चिठ्ठी अर्थातच सांबोची निघते. आता सूत्र सांगते की सांबोच्या वजनाला नव्व्याण्णवाने भागून शंभराने गुणा, म्हणजे पन्नास हत्तींचे वजन एका सांबोपेक्षा जेमतेम जास्त. आणि चिठ्ठी थोराड जंबोची निघाली असती तर? त्याच्या वजनाला ४,९०० ने गुणावे लागले असते. दूरगामी सरासरीत सूत्र खरे असेलही, पण हातातल्या एका खेपेला ते निरुपयोगी ठरले. संख्याशास्त्रज्ञाची सर्कशीतली नोकरी गेली.

बसूंचा मुद्दा आपल्यासाठी असा आहे. भार कितीही शुद्ध तत्त्वाने काढले असोत, मालकाजवळ हत्तींच्या वजनांबद्दल जी माहिती होती, तिच्याकडे त्या सूत्राने पाठ फिरवली. सिगारेटच्या प्रश्नातही आपल्याला वजनांबद्दल पुष्कळ माहीत आहे. वय, व्यायाम, सुरुवातीचे वजन यांवरून माणसाचे वजन साधारण किती वाढेल याचा अंदाज बांधता येतो. भाराच्या पद्धतीने हा अंदाज वापरलाच नाही. तिने फक्त कोण सोडणार एवढेच जाणून घेतले.

दुसरा मार्ग नेमका हा अंदाज वापरतो. फक्त सोडणाऱ्या ४०३ जणांवरून एक सूत्र शिकायचे: अमुक वयाच्या, अमुक सवयींच्या माणसाने सोडली तर वजन किती वाढते. मग ते सूत्र सर्व १,५६६ जणांना लावायचे आणि सरासरी काढायची. न सोडणाऱ्यांवरून दुसरे सूत्र, तेही सर्वांना. दोन सरासऱ्यांतला फरक हे उत्तर. या मार्गाने त्याच पाहणीतून ३.५ किलो मिळतात, पट्टा २.६ ते ४.५. दोन वेगळ्या वाटांनी ३.४ आणि ३.५ आले ही दिलासा देणारी बाब आहे. कारण या वाटांची कमजोर जागा वेगवेगळी आहे. पहिल्या वाटेला ‘कोण सोडतो’ याचे सूत्र बरोबर लागते, दुसऱ्या वाटेला ‘वजन किती वाढते’ याचे.

दोन्हींपैकी कुठले सूत्र बरोबर आहे हे आधी कळत नाही. मग दोन्ही अशा प्रकारे जोडता येतील का, की एक चुकले तरी उत्तर चुकू नये? येतील. रॉबिन्स, अँड्रिया रॉटनित्स्की आणि लुए पिंग झाओ यांनी १९९४ मध्ये या जोडणीचे सूत्र दिले, आणि तिच्यात हे दुहेरी संरक्षण आहे ही गोष्ट त्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाली. इंग्रजीत तिला ‘डबली रोबस्ट’ म्हणतात. आपण दुहेरी भक्कम अंदाज म्हणू.

कृती दोन पायऱ्यांची आहे. आधी सर्वांसाठी वजनवाढीचा अंदाज बांधून सरासरी काढायची. मग ज्यांनी खरोखर सोडली, त्यांच्याबाबत अंदाज किती चुकला ते बघायचे, त्या चुकांना व्यस्त संभाव्यतेचे भार द्यायचे, त्यांची बेरीज करून एकूण माणसांच्या संख्येने भागायचे आणि जे येईल ते पहिल्या सरासरीत मिळवायचे.

शंभर जणांकडे परत जाऊ. सोडणाऱ्यांच्या बाजूचे बरोबर उत्तर ४.४ किलो आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. समजा, वजनवाढीचे सूत्र बांधणारा वय विसरला. त्याचा अंदाज सर्वांसाठी एकच, ३.५ किलो. हा अंदाज वयस्करांच्या बाबतीत दीड किलोने जास्त आहे, तरुणांच्या बाबतीत अडीच किलोने कमी. पण भार काढणारा वय विसरला नाही. त्याच्या हिशेबात २० वयस्कर ४० ठरतात आणि १२ तरुण ६०. चुकांची भारित बेरीज: ४० गुणिले उणे दीड म्हणजे उणे ६०, आणि ६० गुणिले अडीच म्हणजे १५०. एकूण ९०. शंभराने भागले की ०.९. तो ३.५ मध्ये मिळवा. ४.४ आले. चुकलेल्या अंदाजाला भारांनी सावरले.

आता उलटे करू. भार काढणारा वय विसरला. त्याच्या मते प्रत्येकाची सोडण्याची संभाव्यता ०.३२, म्हणून सर्वांना एकसारखा ३.१२५ चा भार. पण वजनवाढीचे सूत्र बरोबर आहे: वयस्करांना २, तरुणांना ६. शंभरांची सरासरी ४.४. अंदाज अचूक असल्यामुळे चुका शून्य, आणि शून्याला कितीही चुकीचा भार दिला तरी शून्यच. उत्तर ४.४ च राहिले.

आणि दोघेही वय विसरले तर? अंदाज सर्वांना ३.५. चुका वयस्करांत उणे दीड, तरुणांत अधिक अडीच, आणि सर्वांचा भार सारखा. २० गुणिले उणे दीड म्हणजे उणे ३०, १२ गुणिले अडीच म्हणजे अधिक ३०. बेरीज शून्य. उत्तर ३.५, म्हणजे सुरुवातीची भाबडी सरासरी जशीच्या तशी परत आली. पद्धतीच्या नावातल्या ‘दुहेरी’चा अर्थ एवढाच आहे: दोनपैकी एक तरी बरोबर हवे.

व्यवहारात ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोन टोकांचे प्रकार क्वचितच भेटतात. दोन्ही सूत्रे थोडी थोडी चुकलेली असतात. तिथे या जोडणीचा आणखी एक गुण कामी येतो. अंतिम उत्तरात राहणारी चूक ही दोन चुकांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही सूत्रे दहा-दहा टक्क्यांनी ढळलेली असतील, तर गुणाकार एक टक्क्याच्या घरात जातो. म्हणूनच अलीकडे या दोन सूत्रांसाठी मशीन लर्निंगच्या पद्धती वापरतात. त्या लवचीक असतात, पण सावकाश शिकतात, आणि एकेकट्या वापरल्या तर त्यांची चूक उत्तरात सरळ उतरते. व्हिक्टर चेर्नोझुकोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यासाठी एक शिस्त घालून दिली: माहितीचे भाग पाडा, एका भागावर सूत्र शिका, दुसऱ्यावर वापरा, मग अदलाबदल करा. ज्या माणसांवरून सूत्र शिकले त्यांच्याबाबतच चुका मोजल्या, तर त्या खोट्या लहान दिसतात आणि दुरुस्तीची पायरी निकामी होते.

पण गुणाकाराचा नियम मोठ्या चुकांनाही लागू आहे, हे विसरून चालत नाही. जोसेफ कांग आणि जोसेफ शेफर यांनी २००७ मध्ये संगणकावर कृत्रिम माहिती तयार करून हे दाखवले. त्यांनी दोन्ही सूत्रे किंचित चुकीची ठेवली, इतकी किंचित की नेहमीच्या तपासण्यांत ती ठीकच दिसत. काही संभाव्यता शून्याच्या जवळ गेल्या, भार फुगले, आणि दुहेरी भक्कम अंदाज साध्या, एकेरी सूत्राच्या अंदाजापेक्षाही वाईट निघाले. बसूंचा जंबो इथे पुन्हा आडवा आला. त्यावर लोक टोकाचे भार कापून एका मर्यादेवर आणून ठेवतात. हे करावे लागते, पण ते फुकट होत नाही. ज्या दुर्मीळ माणसांच्या वतीने ते भार बोलत होते, त्यांचा आवाज कमी होतो, आणि सरासरी नेमकी कुणाची हे थोडे बदलते. असे केले असेल तर कुठे कापले आणि न कापता उत्तर काय आले, ही दोन्ही वाक्ये अहवालात असायला हवीत. मी असे अहवाल वाचताना आधी तीच शोधतो.

याहून खोल अडचण दुसरीच आहे, आणि ‘दुहेरी भक्कम’ या नावाने वाचकांची, कधी कधी संशोधकांचीही, दिशाभूल होते ती इथे. दोन्ही सूत्रे एकाच तक्त्यातून शिकतात. तक्त्यात एखादा रकानाच नसेल, तर तो दोन्हींतून एकदमच गळतो. समजा, एखाद्याची तब्येत आतून ढासळू लागली आहे. त्या भीतीने तो सिगारेट सोडतो, आणि आजारामुळे त्याचे वजनही उतरते. या आजाराची नोंद नऊ घटकांत नसेल, तर ‘कोण सोडतो’ हे सांगणारे सूत्रही आंधळे आणि ‘वजन किती वाढते’ हे सांगणारेही. एक दुसऱ्याला सावरू शकत नाही. माझ्या उदाहरणात दोघेही वय विसरले तेव्हा जे झाले, तेच हे.

आणि त्या वेळच्या तपासण्या आठवून पाहा. सर्वांना एकच भार, ३.१२५. एकही टोकाचा नाही. किश यांच्या मापाने ३२ पैकी ३२ माणसे शिल्लक. भार दिल्यावर दोन्ही गट ज्या ज्या नोंदवलेल्या बाबींत जुळतात का ते बघतात, आणि प्रमाणित फरक ०.१ च्या आत असला की समाधान मानतात. पण वयाचा रकानाच नसता, तर तो जुळत नाही हे दिसायला जागाच उरली नसती. सगळे तक्ते निर्दोष दिसले असते आणि उत्तर जवळपास एक किलोने चुकले असते. जुळणीचा तक्ता नोंदवलेल्या गोष्टींचीच साक्ष देतो. ३.४ आणि ३.५ च्या एकमतालाही हीच मर्यादा आहे. सूत्रांच्या आकारात दोन वाटा वेगळ्या असल्या, तरी रकाने दोघींचे तेच होते. म्हणून कुठले घटक नोंदवायचे हा निर्णय आकडेमोडीच्या आधीचा आहे. तो सिगारेट, वजन आणि आजार यांची जाण असलेल्या माणसानेच घ्यायचा असतो.

या पाहणीत आणखी एक गळती होती, आणि तिच्यावर हेच हत्यार पुन्हा चालवता आले. सुरुवातीला यादीत १,६२९ जण होते. त्यांतल्या ६३ जणांचे १९८२ चे वजन मिळाले नाही. सोडणाऱ्यांत असे ५.८ टक्के होते, न सोडणाऱ्यांत ३.२ टक्के. गळणारे लोक राहिलेल्यांपेक्षा वेगळे असतील, तर राहिलेल्यांची सरासरी सर्वांची नव्हे. म्हणून प्रत्येकाचे वजन नोंदले जाण्याची संभाव्यताही त्याच घटकांवरून काढली, आणि तिचा व्यस्त पहिल्या भाराला गुणला. ज्यांच्यासारखे लोक जास्त गळाले, त्या राहिलेल्यांना थोडा जास्त भार मिळाला. उत्तर ३.५ किलो आले, पट्टा २.५ ते ४.५. फार हलले नाही, कारण गळती लहान होती.

जे १९८२ च्या आधीच वारले, त्यांचे मात्र असे करता येत नाही. हरवलेले वजन आणि नसलेले वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. हरवलेल्याची संभाव्यता काढता येते, पण मेलेल्या माणसाचे १९८२ चे वजन असे काही अस्तित्वातच नसते. धूम्रपानाने माणसे मरतात आणि सोडल्याने काही वाचतात, तेव्हा कोण १९८२ पर्यंत जगले हेही सिगारेट सोडण्यावर थोडे अवलंबून आहे. त्यामुळे साडेतीन किलोचा हा आकडा त्या फेरीपर्यंत जगलेल्या माणसांपुरता आहे, आणि वाचताना तो तसाच वाचायला हवा.